नाचणी सत्वाची बंद पडलेली लिस्टिंग: अपिलाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

सकाळी मावशीचा फोन. "अगं, दोन दिवसांत एकही ऑर्डर नाही, बघ जरा." तिचं नाचणी सत्व आम्ही ज्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकतो, तिथलं सेलर खातं उघडलं तर सत्वाच्या २५० ग्रॅम पाकिटापुढे लाल शिक्का. लिस्टिंग काल दुपारीच बंद झाली होती आणि मेल जाहिरातींच्या ढिगात पडून होता. मेलमध्ये कारण म्हणून दोनच शब्द, `Restricted Products`. कुठली ओळ, कुठला फोटो, कुठला नियम, काही नाही. खाली अपिलाचं बटण.

बाकीची तीन उत्पादनं (कुळीथ पीठ, आमसुलं, आगळ) चालू आहेत. म्हणजे अडचण खात्याची नाही, एका मालाची आहे. ८४ पाकिटं मार्केटप्लेसच्या भिवंडीच्या गोदामात अडकली.

आज एकच काम केलं आणि ते बरं झालं: काहीही बदलण्याआधी पानाची होती तशी प्रत उतरवून ठेवली. शीर्षक, ठळक मुद्दे, वर्णन, सहाही फोटो, ग्राहकांचे प्रश्न आणि आम्ही दिलेली उत्तरं. दुरुस्ती सुरू केली की जुना मजकूर उडतो, मग आधी काय होतं आणि आता काय आहे हे दाखवायला हातात काही राहत नाही.

४ फेब्रुवारी

वर्णनात "मधुमेहींसाठी उपयुक्त" असं मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं सापडलं. वाटलं, चोर सापडला. अन्नपदार्थाच्या जाहिरातीत आजार बरा करण्याचे किंवा टाळण्याचे दावे चालत नाहीत, हे एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांत आहे. शिवाय १९५४ च्या जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचं नाव आहेच. ती ओळ काढली, एफएसएसएआय नोंदणीची प्रत जोडली आणि तासाभरात अपील पाठवलं. पत्रात "आमचा माल पूर्णपणे शुद्ध व पारंपरिक आहे", "आम्ही छोटे महिला उद्योजक आहोत" वगैरे. त्यावर कडी म्हणजे तशाच इतर चार विक्रेत्यांच्या पानांचे स्क्रीनशॉट: "त्यांचं चालतं, मग आमचं का नाही?"

६ फेब्रुवारी

नामंजूर. उत्तर ठरीव छापाचं, पण एक वाक्य कामाचं होतं: पाठवलेल्या माहितीतून उल्लंघनाचं मूळ कारण कळलं आहे असं दिसत नाही.

चिडून झालं. मग आपलं पत्र परक्यासारखं वाचून पाहिलं. खरंच, त्यात काय चुकलं ते कुठेच नव्हतं. नोंदणीची प्रत जोडली होती, पण नोंदणीवर कुणी शंका घेतलीच नव्हती. ते चार स्क्रीनशॉट तर निव्वळ आत्मघात. वाचणाऱ्यासमोर आमचं पान उघडं आहे, त्याला निर्णय आमच्या पानाचा द्यायचा आहे. इतरांच्या चुका दाखवल्याने एवढंच सिद्ध झालं की आम्हाला आपली सापडलेली नाही.

मावसभावाचा सल्ला: जुनी लिस्टिंग सोडून दे, दुसऱ्या नावाने नवी टाक. नाही म्हटलं. बंद केलेला माल मागच्या दाराने परत आणला की तो नियम चुकवण्याचा प्रयत्न धरतात आणि मग एका मालाचं प्रकरण सगळ्या खात्यावर जातं. आमसुलं आणि आगळही जायची.

८ फेब्रुवारी

रविवार सगळा यातच. ३ तारखेची प्रत कागदावर छापली आणि लाल पेन घेऊन बसले. मधुमेहाचा शब्द मनातून काढून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हा माल कुणासाठी आहे असं ही ओळ सांगते?

फोटो क्र. ३: वाटी-चमचा घेतलेलं गोंडस बाळ. ठळक मुद्दा क्र. २: "६ महिन्यांपासून बाळांसाठी पहिला घास". शोधशब्दांचा रकाना, जो ग्राहकाला दिसतच नाही, त्यात `baby food` आणि `baby cereal 6 months`. प्रश्नोत्तरांत एका आईने विचारलेलं, "सात महिन्यांच्या बाळाला चालेल का?" आणि खाली आमच्या खात्यातून मी दिलेलं उत्तर: "हो, नक्की द्या."

मधुमेहाची ओळ चूक होतीच, पण खरी चूक या ठिकाणी होती. भारतात अर्भक आहारासाठी स्वतंत्र कायदा आहे, १९९२ चा, ज्याला सगळे आयएमएस कायदा म्हणतात. दुधाचे पर्याय, बाटल्या आणि अर्भक आहार या तिन्हींना तो लागू आहे. अर्भक आहाराची त्यातली व्याख्या वाचली आणि गार पडले. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंत आईच्या दुधाला पूरक म्हणून जो कुठला पदार्थ विकला किंवा तसा दाखवला जातो, तो अर्भक आहार, मग त्याचं नाव काहीही असो. पिशवीत काय आहे यावर व्याख्या थांबत नाही. तुम्ही ते कसं मांडता यावर ती ठरते. तीच नाचणी घावन-आंबिलीसाठी विकली तर साधं धान्य, बाळाच्या फोटोसह विकली तर अर्भक आहार.

आणि अर्भक आहाराची जाहिरातच करता येत नाही. वेष्टनावर बाळाचं किंवा स्त्रीचं चित्र नको, "आईचं दूध सर्वोत्तम" अशी सूचना हवी. २००३ च्या दुरुस्तीने जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमही घेतलं, म्हणजे लिस्टिंगचं पान त्यात आलंच. शिवाय अर्भक आहार बनवायला एफएसएसएआयचे निराळे निकष आहेत. मावशीची साधी नोंदणी आणि अंगणातली चूल त्यात बसत नाही.

म्हणजे "आम्ही अर्भक आहाराच्या अटी पूर्ण करतो" हे आम्ही कधीच म्हणू शकणार नाही. खरं आणि म्हणता येण्यासारखं एकच: हा अर्भक आहार नाही, आम्ही तो चुकून तसा दाखवला.

९ फेब्रुवारी

मावशीला सांगणं सोपं नव्हतं. "अगं, तुला सहाव्या महिन्यात हेच भरवलंय. तुझ्या आईलाही. आणि आता ते बाळाचं नाही?"

म्हटलं, घरात कुणी काय भरवावं याला कायदा आड येत नाही. विकणाऱ्याने बाळाच्या आहाराची जाहिरात करू नये, एवढंच तो म्हणतो. हा कायदा पावडर-दुधाच्या कंपन्यांनी आयांना आपल्या दुधापासून तोडू नये म्हणून आला. आपण त्या कंपन्यांसारख्या नाही, पण तेच बोलतोय.

थोडा वेळ गप्प. मग, "पिशवीवर पण लिहिलंय गं ते."

हे मी विसरलेच होते. पिशवीच्या मागे, कृतीच्या खाली: "६ महिन्यांवरील बाळांसाठी उत्तम आहार". म्हणजे पान कितीही सुधारलं तरी घरी पोचणारी पिशवी जुनंच बोलणार. घरात अशा ६०० रिकाम्या पिशव्या छापून पडल्या आहेत.

१० फेब्रुवारी

लाल पेनाच्या फेरीत आणखी एक गोष्ट निघाली. हिच्यामुळे लिस्टिंग बंद झालेली नाही, पण पत्रात लॅबचा रिपोर्ट जोडायचा तर ती झाकता येणार नाही.

पानावर आम्ही लिहिलं होतं: "कॅल्शियम ३६४ मिग्रॅ, भरपूर तंतुमय". हा ३६४ चा आकडा खोटा नाही, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीला जवळपास तेवढाच आहे. पण तो अख्ख्या धान्याचा. आमचं आहे सत्व. मावशी नाचणी रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाटते, पाणी घालून पातळ फडक्यातून गाळते, खाली बसलेला साका उन्हात वाळवते. चोथा गोठ्यात जातो. नाचणीचं कॅल्शियम बहुतांशी सालीत असतं आणि तंतूही तिथेच. म्हणजे ज्याची आम्ही जाहिरात करत होतो ते म्हशी खात होत्या.

गेल्या वर्षीचा लॅब रिपोर्ट फाईलमध्ये होता. पैसे भरून आणला, ठेवून दिला, कुणी वाचला नाही. त्यात १०० ग्रॅमला कॅल्शियम ९६ मिग्रॅ, तंतू १.८ ग्रॅम. एखाद्या खनिजाचा "स्रोत" म्हणायला दैनंदिन गरजेच्या १५ टक्के तरी १०० ग्रॅममध्ये हवं. प्रौढाची गरज १००० मिग्रॅ धरली तर १५० मिग्रॅ. "भरपूर" म्हणायला त्याच्या दुप्पट. तंतूंसाठी "स्रोत" ३ ग्रॅमपासून, "भरपूर" ६ पासून. आमचं सत्व दोन्हीकडे पहिल्या पायरीलाही पोचत नाही.

मोड आणून, वाळवून, न गाळता दळलेलं पीठ काढलं तर गोष्ट वेगळी होईल. पण तो वेगळा माल, वेगळा रिपोर्ट. या अपिलात त्याचं काही काम नाही.

१२ फेब्रुवारी

दुरुस्त मजकूर. दोन रकान्यांचा तक्ता केला: डावीकडे जुनी ओळ शब्दशः, उजवीकडे नवी किंवा "काढली". वाचणाऱ्याला दोन पानं शेजारी ठेवून फरक हुडकायला लावायचं नाही.

शीर्षक आधी होतं "नाचणी सत्व, बाळांसाठी पौष्टिक पहिला आहार, कॅल्शियमयुक्त, २५० ग्रॅम". आता "नाचणी सत्व (मोड आणून गाळलेलं), आंबील व खिरीसाठी, २५० ग्रॅम". फोटो क्र. ३ च्या जागी आंबिलीचं भांडं आणि बाजूला ताकाची लोटी. कॅल्शियम आणि तंतूंची ओळ काढली, तिच्या जागी रिपोर्टमधले आकडे पोषणतक्त्यात जसेच्या तसे, एकही विशेषण न लावता. मधुमेहाची ओळ गेलीच. शोधशब्दांचा रकाना रिकामा करून `ragi`, `nachni satva`, `ambil` एवढंच ठेवलं. प्रश्नाखालचं माझं उत्तर खोडलं. ग्राहकांच्या दोन अभिप्रायांत बाळाचा उल्लेख आहे, ते आमच्या हातात नाहीत. पत्रात तसं सांगायचं.

एक मोह टाळला. बाळाचा फोटो ठेवून खाली "अर्भकांसाठी नाही" अशी बारीक ओळ टाकायची कल्पना मावसभावाने मांडली होती. चित्र एक सांगतं आणि ओळ दुसरं, तेव्हा चित्रच ऐकलं जातं.

पिशवीचा निर्णय: जुन्या ओळीवर चिकटपट्टी लावायची नाही. पट्टी निघते, आणि गोदामातल्या ८४ पाकिटांना आपला हातच पोचत नाही. ती परत मागवायची. नव्या ५०० पिशव्या डिजिटल छपाईला दिल्या. जुन्या ६०० रद्दीत. मावशीच्या दुकानातल्या फळीवरची पाकिटंही काढायला लावली, कारण कायदा ऑनलाइनपुरता नाही. ती या वेळी काही बोलली नाही, हे बोलण्यापेक्षा जड गेलं.

१४ फेब्रुवारी

पत्र आधी मराठीत लिहिलं, म्हणजे मला काय म्हणायचंय ते मला कळेल. मग इंग्रजी केलं. मराठी मसुदा:

> विषय: SKU `NS-250-01`, नाचणी सत्व २५० ग्रॅम, दुसरे अपील
>
> आमची ही लिस्टिंग २ फेब्रुवारी रोजी बंद झाली. ४ फेब्रुवारीच्या आमच्या अपिलात आम्ही कारण चुकीचे ओळखले होते. हे पत्र त्याऐवजी वाचावे.
>
> काय चुकले: हे उत्पादन सर्वसाधारण वापराचे धान्याचे सत्व आहे. ते अर्भक आहार म्हणून बनवलेले नाही आणि आमची नोंदणीही त्यासाठी नाही. तरीही आम्ही ते सहा महिन्यांवरील बाळांसाठी असल्याचे पाच ठिकाणी दाखवले: शीर्षक, दुसरा ठळक मुद्दा, तिसरा फोटो, शोधशब्द आणि एका ग्राहकाच्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर. अशा मांडणीमुळे ते १९९२ च्या कायद्याखाली अर्भक आहार ठरते व त्याची जाहिरात करता येत नाही. पाकिटाच्या मागेही अशी एक ओळ होती.
>
> तपासणीत आम्हाला स्वतःहून आणखी दोन चुका आढळल्या. मधुमेहाचा उल्लेख, आणि अख्ख्या नाचणीचे कॅल्शियम व तंतूंचे आकडे सत्वाला लावणे. दोन्ही काढले आहेत.
>
> काय केले: पाचही ठिकाणचा मजकूर बदलला किंवा काढला, जोडपत्र १ मध्ये जुना व नवा मजकूर ओळीने आहे. तुमच्या गोदामातील ८४ पाकिटे परत मागवण्याची विनंती १३ फेब्रुवारी रोजी नोंदवली, जोडपत्र २. पाकिटाचा नवा आराखडा जोडपत्र ३. प्रयोगशाळेचा अहवाल जोडपत्र ४. दोन ग्राहक-अभिप्रायांत बाळाचा उल्लेख आहे, ते आम्ही लिहिलेले नाहीत व आम्हाला बदलता येत नाहीत.
>
> पुढे: जुन्या पाकिटातील एकही नग विक्रीस येणार नाही. नवा मजकूर टाकण्यापूर्वी पाकीट, पान आणि अहवाल तिन्ही शेजारी ठेवून दोन व्यक्ती तपासतील. ग्राहकाने बाळाविषयी विचारल्यास द्यावयाचे उत्तर लिहून ठेवले आहे, जोडपत्र ५.

"क्षमस्व" एकदा होतं, तेही काढलं. पहिल्या अपिलातली शुद्धता, परंपरा आणि महिला उद्योजक यांतलं काहीच इथे नाही. पत्र एका पानात बसलं.

फाईलींची नावं अशी ठेवली की उघडण्याआधीच कळावं:

```
1_old_vs_new_text.pdf
2_removal_request.png
3_new_pouch_design.pdf
4_lab_report.pdf
5_customer_reply.pdf
```

जुन्या केसमध्येच उत्तर म्हणून पाठवलं. नवी केस उघडली असती तर पहिलं अपील एकाकडे आणि दुसरं दुसऱ्याकडे गेलं असतं.

१८ फेब्रुवारी

उत्तर आलं, नामंजुरी नाही. त्यांना पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे खरे फोटो हवेत. छपाईचा आराखडा चालत नाही.

बरोबरच आहे. आराखडा म्हणजे पाकीट असं होईल याचं वचन, पाकीट नव्हे. मला हे सुचायला हवं होतं. पिशव्या २१ ला येणार, तोवर थांबणं भाग. मधल्या काळात "काय झालं?" असं रोज विचारायचं नाही असं ठरवलं. त्यांना एवढंच कळवलं की फोटो २२ तारखेपर्यंत देतो.

२२ फेब्रुवारी

पिशव्या काल संध्याकाळी आल्या. मावशीने भरल्या, मी फोन घेऊन बसले. पुढची बाजू, मागची बाजू, तळ, वरची शिवण. चकाकत्या पिशवीवर फ्लॅश पडला की बारीक अक्षरं पांढरी होतात, म्हणून पडवीत सावलीला काढले. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीचा फोन नंबर मोठे करून वाचता येतात का ते पाहिलं. एका फोटोत पाकीट हातात धरलेलं घेतलं, म्हणजे संगणकावर बनवलेलं चित्र नाही हे दिसावं.

पाठवताना लक्षात आलं की पिशवीवर "सत्त्व" छापलंय आणि पानावर "सत्व" आहे. व्याकरणाने पिशवी बरोबर. पण कागदावर दोन नावं दिसली की कुणीतरी पुन्हा शंका काढणार, म्हणून पान बदललं आणि त्याची एक ओळ उत्तरात लिहिली. या नोंदींत मात्र सवयीचं "सत्व"च राहू दे.

२६ फेब्रुवारी

लिस्टिंग चालू. मेल पुन्हा दोन ओळींचा, कशामुळे पटलं ते सांगितलेलं नाही. शोधात पान मागे गेलंय. `baby food` गेल्यावर ते होणारच होतं. आधी ज्या ऑर्डरी यायच्या त्यातल्या किती त्या एका शब्दावर होत्या हे आता महिन्याभरात कळेल.

गोदामातून ८४ पैकी ७९ पाकिटं परत निघालीत. उरलेली ५ कुठे आहेत ते विचारलंय. परत आलेल्यांचं काय करायचं हे मावशीने आधीच ठरवलंय: पिशव्या फोडून सत्व घरात आणि शेजारीपाजारी, आंबिलीला.

२८ फेब्रुवारी

नव्या पानावर पहिला प्रश्न आला. "माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, देऊ का?"

मावशी शेजारीच होती. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. जोडपत्र ५ उघडून तेच उत्तर चिकटवलं: "हे उत्पादन दोन वर्षांखालील बालकांसाठी विकले जात नाही. बाळाच्या आहाराबद्दल कृपया आपल्या डॉक्टरांना विचारा."

"कोरडं वाटतं गं," ती म्हणाली. मग पाठव म्हणाली. पाठवलं. पाच पाकिटांचा अजून पत्ता नाही, सोमवारी पुन्हा विचारायचं.